कच्च्या अंड्यातील पांढरा भाग आणि बायोटिनचे शोषण

कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात ॲव्हिडिन नावाचे प्रथिन असते. ते बायोटिन (ब-७) या जीवनसत्त्वाला इतके घट्ट धरून ठेवते की आतड्यातून त्याचे शोषण होऊ शकत नाही. त्यामुळे कच्चे पांढरे बायोटिन अडवते ही समजूत खरी आहे. मात्र तिच्यामुळे वाटणारी भीती बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी असते, कारण तुटवडा निर्माण व्हायला कच्चे पांढरे भरपूर प्रमाणात आणि बराच काळ खावे लागते. अंडे नीट शिजले की प्रश्नच उरत नाही.

ॲव्हिडिन कोंबडीच्या अंडवाहिनीत तयार होते आणि पांढऱ्या भागातील एकूण प्रथिनांच्या जेमतेम ०.०५ टक्के भरते. अंड्यात शिरलेल्या जिवाणूंना बायोटिन मिळू नये, हे त्याचे काम मानले जाते. त्याच्या रेणूत चार सारखे घटक असतात. प्रत्येक घटक पिंपासारखा गुंडाळलेला असून त्याच्या तळाशी बायोटिनला तंतोतंत बसणारा खळगा असतो. या खळग्याची एक भिंत शेजारच्या घटकाकडून येते. म्हणजे चौघे एकत्र असतील तेव्हाच खळगा पूर्ण होतो. ही बारीकशी गोष्ट पुढे शिजवण्याच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

बायोटिन आणि ॲव्हिडिन यांच्यात सहसंयुज बंध तयार होत नाही, तरीही ही निसर्गातील सर्वांत घट्ट ज्ञात जोड्यांपैकी एक आहे. जठरातील आम्ल ती सोडवू शकत नाही आणि पेप्सिन व ट्रिप्सिन ही पाचक विकरे तिच्यापुढे निष्प्रभ ठरतात. आतड्याच्या पेशींवर बायोटिन आत घेणारे एक वाहक प्रथिन असते, पण ते फक्त सुटे बायोटिन उचलते. ॲव्हिडिनच्या खळग्यात अडकलेले बायोटिन त्याच्या हाती लागत नाही आणि विष्ठेवाटे निघून जाते.

एक अंडे किती बायोटिन अडवू शकते, याचा अंदाज साध्या गणिताने बांधता येतो. मध्यम आकाराच्या अंड्याच्या पांढऱ्या भागात साधारण साडेतीन ग्रॅम प्रथिन असते. त्याच्या ०.०५ टक्के म्हणजे पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास ॲव्हिडिन. एक मिलिग्रॅम ॲव्हिडिन सुमारे १४ ते १५ मायक्रोग्रॅम बायोटिन धरते. म्हणजे एका कच्च्या पांढऱ्याची क्षमता २५ मायक्रोग्रॅमच्या जवळपास जाते. प्रौढ माणसासाठी रोज ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसे मानतात, म्हणून हा आकडा दचकवणारा वाटतो. पण तो कमाल क्षमतेचा आहे. शरीर वापरलेले बायोटिन पुन्हा सोडवून घेते, त्यामुळे एखाद्या दिवसाची तूट सहज भरून निघते. पिवळा बलक ही क्षमता संपवून टाकतो असेही नाही. अख्ख्या अंड्यात सुमारे १० मायक्रोग्रॅमच बायोटिन असते आणि ते जवळजवळ सगळे बलकात असते. म्हणजे कच्चे अंडे बलकासह खाल्ले, तरी हिशोबाने बरेच खळगे रिकामेच राहतात.

हा परिणाम प्रथम प्राण्यांमध्ये दिसला. १९२७ मध्ये लंडनमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना वाळवलेले कच्चे पांढरे मुख्य प्रथिन म्हणून दिले, तेव्हा त्यांची त्वचा सोलवटली, केस गळाले आणि चालण्यात दोष आला. यकृत खाऊ घातल्यावर हे टळत होते. ॲव्हिडिन वेगळे काढले गेले ते १९४१ मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सिडनस्ट्रिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केला. त्यांना रोज सुमारे २०० ग्रॅम वाळवलेले पांढरे दिले जाई, म्हणजे ४५ ते ५० अंड्यांचे. दिवसाच्या उष्मांकांपैकी जवळपास ३० टक्के त्यातूनच येत. वरच्याच हिशोबाने त्यातील ॲव्हिडिन हजाराहून अधिक मायक्रोग्रॅम बायोटिन धरू शकत होते, म्हणजे आहारातून मिळणाऱ्या बायोटिनच्या कितीतरी पट. तरीही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिले लक्षण दिसले ते त्वचेवरच्या बारीक, न खाजणाऱ्या कोंड्याचे. पुढे मरगळ, उदासी, स्नायूदुखी आणि अन्नावरची वासना उडणे अशी लक्षणे आली. मग रोज १५० ते ३०० मायक्रोग्रॅम बायोटिन टोचून दिल्यावर काही दिवसांतच सुधारणा दिसली. यातील 'टोचून' हा भाग निर्णायक आहे. जीवनसत्त्व आतडे टाळून थेट शरीरात गेले आणि माणसे बरी झाली. म्हणजे पांढऱ्यात विष नव्हते. अडथळा फक्त आतड्यात होता.

शिजवल्याने नेमके काय होते? उष्णतेने ॲव्हिडिनचे चार घटक सुटे होतात, त्यांची गुंडाळी उलगडते आणि उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंतून गोळा होतात. खळगा मोडतो आणि थंड झाल्यावरही पुन्हा बनत नाही. उरते ते इतरांसारखेच पचणारे एक प्रथिन. बायोटिन स्वतः मात्र उष्णतेला चांगले टिकते. शिजवल्याने सापळा जातो आणि जीवनसत्त्व राहते, एवढीच यातली गोम आहे.

पण 'पांढरे घट्ट झाले' म्हणजे 'ॲव्हिडिन गेले' असे नाही. पांढरा भाग ६० अंश सेल्सिअसच्या थोडे वर गेल्यावरच दुधाळ होऊ लागतो, कारण त्यातील दुसरी, अधिक नाजूक प्रथिने आधी गोठतात. रिकामे ॲव्हिडिन मात्र साधारण ८५ अंशांपर्यंत तग धरते, आणि बायोटिन धरून बसलेले तर त्याहून खूप वर, सुमारे १३० अंशांपर्यंत. म्हणून थोडा वेळ उकडलेल्या किंवा वरून ओलसर राहिलेल्या अंड्यात काही ॲव्हिडिन शाबूत असते. पांढरे आतपर्यंत कडक होईल इतके उकडणे हाच खात्रीचा मार्ग.

पाश्चरीकरणाबाबत बराच गैरसमज आहे. द्रव पांढरे साधारण ५६ ते ५७ अंशांवर काही मिनिटे तापवतात. साल्मोनेला मारायला ते पुरते, पण ॲव्हिडिन त्यातून जवळजवळ जसेच्या तसे सुटते. व्यायाम करणारे बाटलीतले पाश्चरीकृत पांढरे 'सुरक्षित' म्हणून रोज कच्चे पितात, तेव्हा ते संसर्गाच्या दृष्टीने सुरक्षित असते, बायोटिनच्या दृष्टीने नाही. पांढरे फेसाळ होईपर्यंत घुसळणे हाही उष्णतेला पर्याय नाही.

प्रत्यक्षात आढळलेले रुग्ण बहुधा महिनोन् महिने रोज अनेक कच्ची अंडी खाणारे होते. डोळे, नाक आणि तोंड यांभोवती लाल, खवल्यांचा पुरळ, केस विरळ होणे, हातापायांना मुंग्या आणि उदासी ही चिन्हे एकत्र दिसली की संशय घेतात. पण यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी इतर अनेक कारणांनी होते. केवळ केस गळतात म्हणून बायोटिन कमी असे ठरवणे चुकीचे आहे. लघवीत ३-हायड्रॉक्सिआयसोव्हॅलेरिक आम्ल वाढलेले आणि बायोटिन घटलेले आढळले, तर निदान अधिक पक्के होते. बायोटिनवर चालणारे एक विकर थंडावले की ल्यूसीन या अमिनो आम्लाचे विघटन अडते आणि हे आम्ल तयार होऊन लघवीत उतरते. उपचारात कच्चे पांढरे थांबवतात आणि बायोटिन देतात.