फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार: एका जन्मनोंदीची तारीख कशी ठरते

भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र १८ घटी ३१ पळे अशी आहे. आज आपण तिचे रूपांतर १९ फेब्रुवारी १६३० असे सांगतो. मात्र या एका ओळीत वर्ष, महिना आणि दिवस हे तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असून प्रत्येकाची उकल आणि पडताळणी स्वतंत्रपणे करावी लागते.

प्रथम वर्ष पाहू. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हा नियम सर्वांच्या तोंडी असतो. त्याप्रमाणे १५५१ चे १६२९ होतात आणि येथेच चूक घडते. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि इसवी सनाचे जानेवारीत, त्यामुळे वर्षाच्या शेवटी येणारा फाल्गुन पुढच्या इसवी सनात पडतो. अशा नोंदीसाठी ७९ मिळवायचे असतात, म्हणून वर्ष १६३० येते. शकाचा आकडा लिहिताना लेखकाचा हात चुकला असेल का, हे संवत्सराच्या नावावरून कळते. शकात १२ मिळवून ६० ने भागल्यावर जी बाकी उरते, तो प्रभव, विभव, शुक्ल या क्रमातील संवत्सराचा अनुक्रमांक असतो. १५६३ ला ६० ने भागले की बाकी ३ उरते आणि तिसरे संवत्सर शुक्लच आहे. आकडा आणि नाव अशा दोन वेगळ्या वाटांनी एकच वर्ष आले, तर ते निर्धास्तपणे स्वीकारता येते. जुन्या नोंदीत संवत्सराचे नाव नसेल, तर मी तिच्याकडे जरा संशयानेच पाहतो.

महिन्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो आणि उत्तर भारतात पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचे नाव दोन्हीकडे सारखेच असते, परंतु वद्य पक्षाला उत्तरेत पुढच्या महिन्याचे नाव मिळते, म्हणजे आपली फाल्गुन वद्य तृतीया ही तिकडची चैत्र वदि तृतीया होय. जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची जन्मपत्रिका सापडली. तिच्यावर संवत १६८६, फागुण वदि ३, शुक्रवार, घटी ३०, पळे ९ असे लिहिले आहे. ही नोंद उत्तरेच्या रीतीने वाचली, तर जन्म एक महिना आधी जाईल. सुदैवाने त्याच पत्रिकेत रवी १० राशी २३ अंशांवर, म्हणजे कुंभेच्या २३ अंशांवर दिला आहे. एक महिना आधी तो मकरेत असला पाहिजे. शिवाय रवी कुंभेच्या २३ अंशांवर असताना मीन संक्रांत सातेक दिवसांवर येते आणि अमावास्या मात्र बारा दिवसांवर असते. ज्या अमान्त महिन्यात मीन संक्रांत होते, तो फाल्गुन. म्हणजे राजस्थानातल्या त्या पत्रिकेतही महिना आपल्याकडच्या रीतीनेच लिहिलेला आहे, आणि हा निवाडा रवीच्या स्थानाने दिला आहे.

आता दिवस. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढण्यास लागणारा काळ. तो कधी वीस तासांचा, तर कधी सत्तावीस तासांच्या जवळपास असतो. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचे नाव त्या दिवसाला मिळते. सतराव्या शतकातील दिवसाची तिथी पडताळण्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. आपला शुक्रवार आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने १ मार्च १६३० ला पडतो, तो कसा हे पुढे येईलच. त्या दिवसापासून ६ जानेवारी २००० पर्यंत १,३५,०८५ दिवस होतात आणि ६ जानेवारी २००० रोजी अमावास्या होती. दोन अमावास्यांमधील सरासरी अंतर २९.५३०५८९ दिवसांचे आहे. त्याने भागले की ४५७४ पूर्ण महिने होऊन सुमारे १२ दिवस उरतात. आपण मागे मोजत आलो असल्याने त्या दिवशी अमावास्या होऊन सतरा दिवसांहून थोडा अधिक काळ लोटला होता. तिथींच्या हिशेबात साडेसतरा तिथी उलटून अठरावी, म्हणजेच वद्य तृतीया, चालू होती.

हा हिशेब सरासरी गतीचा आहे. चंद्राची खरी गती कमीजास्त होत असल्याने त्यात एखाद्या तिथीचा फरक पडू शकतो, म्हणून निर्णय वारावर सोपवावा लागतो. त्याच १,३५,०८५ ला ७ ने भागले की बाकी ६ उरते. ६ जानेवारी २००० ला गुरुवार होता. गुरुवारपासून सहा दिवस मागे गेले की शुक्रवार येतो. तिथी एका दिवसाने चुकली असती, तर वार जुळला नसता. सात वारांची साखळी कोणत्याही पंचांग-सुधारणेत तुटलेली नाही, म्हणून जुन्या नोंदीत वार सापडला की संशोधकाला हायसे वाटते.

हा दिवस १ मार्च असेल, तर १९ फेब्रुवारी कोठून आली? १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दिनदर्शिका सुधारून दहा दिवस वगळले. पोर्तुगालने ती सुधारणा लगेच स्वीकारली, इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनीच ज्युलियन दिनदर्शिका चालवली. इतिहासकारांनी महाराजांच्या काळातील तारखा बहुधा ज्युलियन पद्धतीने दिल्या आहेत आणि १ मार्चमधून दहा दिवस वजा केले की १९ फेब्रुवारी येते. म्हणजे त्याच शुक्रवारी गोव्यातील पोर्तुगीज कारकुनाने १ मार्च १६३० लिहिले असते, तर सुरतेच्या वखारीतील इंग्रजाने १९ फेब्रुवारी १६२९. इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे त्यांच्या वहीत सन देखील एकाने मागे दिसतो. संगणकाला १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला, तर तो पुष्कळदा मंगळवार सांगतो, कारण तो ग्रेगोरियन नियम मागे लावत जातो. असा मंगळवार आला की नोंद खोटी ठरवू नये. दहा दिवस मिळवून पुन्हा पाहावे.

एक बारकावा अजून उरतो. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि तारीख मध्यरात्री. शुक्रवारी मध्यरात्रीनंतर, पण उजाडण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेत शुक्रवारच असतो. त्याची तारीख मात्र शनिवारची धरावी लागते. जेधे शकावलीतील १८ घटी ३१ पळे ही जन्मवेळ नाही. हस्त नक्षत्र सूर्योदयानंतर तेवढा काळ, २४ मिनिटांची एक घटी या हिशेबाने सुमारे ७ तास २४ मिनिटे, टिकले असा तिचा अर्थ आहे. जन्मवेळ जोधपूरच्या पत्रिकेत मिळते: ३० घटी ९ पळे, म्हणजे सूर्योदयानंतर १२ तास आणि ३ ते ४ मिनिटे, त्या दिवसांत सूर्य नुकताच मावळल्यानंतरची वेळ. त्याच पत्रिकेत सिंह लग्न २९ अंशांवर दिले आहे. सूर्यास्ताला पूर्वेस उगवणारा बिंदू सूर्याच्या समोर, म्हणजे सिंहेच्या २३ अंशांवर असतो, आणि तेथून २९ अंशांपर्यंत येण्यास साधारण पंचवीस मिनिटे लागतात. वेळ आणि लग्न असे परस्परांशी जुळत असल्याने जन्म मध्यरात्रीच्या बराच आधीचा ठरतो, आणि तारीख शुक्रवारचीच राहते.