जोडीने चर्चा (केंब्रिज बी२ फर्स्ट तोंडी परीक्षा)

केंब्रिजच्या बी२ फर्स्ट या इंग्रजी परीक्षेच्या तोंडी भागात दोन उमेदवार एकत्र बसतात. त्यातला तिसरा टप्पा जोडीने चर्चा करून निर्णयापर्यंत येण्याचा आहे. आयईएल्टीएसमध्ये उमेदवार एकटाच परीक्षकाशी बोलतो, त्यामुळे त्या तयारीतून आलेल्यांना हा टप्पा नवा वाटतो.

कागदावर मधोमध एक प्रश्न आणि भोवती पाच मुद्दे असतात. वाचायला १५ सेकंद मिळतात, मग साधारण दोन मिनिटे दोघांनी एकमेकांशी बोलायचे. त्यानंतरच परीक्षक निर्णयाचा प्रश्न विचारतो आणि त्यासाठी आणखी एक मिनिट देतो. दोन परीक्षकांपैकी एक सूचना देतो, दुसरा शांतपणे ऐकून गुण देतो.

समजा प्रश्न असा आहे: शाळेने मुलांना व्यायामाची गोडी कशी लावावी? मुद्द्यांमध्ये नामवंत खेळाडूची भेट आणि सायकलसाठी जागा हे दोन आहेत. पहिली उमेदवार म्हणते, खेळाडू आला की मुलांना हुरूप येईल. दुसरा नुसते 'आय अ‍ॅग्री' म्हणून सायकलकडे वळला, तर दोन सुटी भाषणे झाली, चर्चा झालीच नाही. त्याऐवजी तो म्हणाला, ''आय सी व्हॉट यू मीन, बट विल दे स्टिल बी एक्सरसायझिंग अ मंथ लेटर? सायकलिंग टू स्कूल हॅपन्स एव्हरी डे. व्हॉट डू यू थिंक?'' तर त्याने तिचा मुद्दा धरला, शंका घेतली, कारण दिले आणि बोलण्याची पाळी परत तिच्याकडे सोपवली. संवादकौशल्याच्या निकषात वरचा गुण मिळवायला आपले बोलणे असे जोडीदाराच्या बोलण्याशी जोडावे लागते. पाठ केलेली नम्र वाक्ये पेरून ते साधत नाही. मतभेदाचे कारण समोरच्याच्या मुद्द्यातूनच निघायला हवे.

सर्वांत घातक चूक म्हणजे सुरुवातीलाच ''मग हेच ठरवू'' म्हणून मोकळे होणे. मग उरलेल्या वेळात बोलण्यासारखे काही राहत नाही, आणि पुढच्या मिनिटात तीच वाक्ये पुन्हा येतात. पाचही मुद्दे संपवलेच पाहिजेत असे नाही; दोन-तीन नीट तपासले तरी पुरे. शेवटी एकमत झाले नाही म्हणूनही गुण जात नाहीत. एकमताकडे जाण्याचा प्रयत्न मात्र ऐकू यायला हवा.

जोडीदार अबोल असेल तर बरेच जण शांतता भरून काढायला स्वतःच बोलत सुटतात. त्याने नुकसानच होते. ''त्यांना आवडेल का?'' असा होय-नाहीत संपणारा प्रश्न टाळून ''तुमच्या शाळेत यातले काय चालले असते?'' असे विचारावे आणि उत्तराला वेळ द्यावा. जोडीदार मध्ये बोलू देत नसेल, तर त्याच्या वाक्याच्या शेवटी त्याचाच शब्द उचलून आत शिरता येते. दोघांचे गुण स्वतंत्र असतात, एकमेकांशी तुलना करून दिले जात नाहीत. त्यामुळे जोडीदाराला बोलते केल्याने आपले गुण त्याच्याकडे जात नाहीत. उमेदवारांची संख्या विषम असली तर शेवटचा गट तिघांचा बसतो आणि चर्चेला थोडा जास्त वेळ मिळतो.