वाईटात वाईट काय होईल, ते पूर्ण लिहून काढा
(काळजीच्या सरावासाठी माहितीपत्रक, समुपदेशन केंद्र, दादर)

महिनोन्‌महिने तीच काळजी डोक्यात फिरत असेल, तर समुपदेशक तुम्हाला हा सराव देतील. ज्याची भीती वाटते तो प्रसंग शेवटपर्यंत आणि बारकाव्यांसह लिहायचा, मग तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचे.

हे उलटे वाटेल, पण त्यामागे कारण आहे. काळजी बहुतेक शब्दांत चालते: "असं झालं तर? मग तसं झालं तर?" मन एका 'तर'वरून दुसऱ्यावर उडी मारते आणि चित्र पुरते उभे राहण्याआधीच तिथून निघते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी मांडले की हे शब्दांत फिरणे म्हणजेच भीतीच्या चित्रापासून पळणे आहे. तेवढ्यापुरते बरे वाटते, म्हणून सवय टिकते, आणि भीती मात्र कधी तपासलीच जात नाही.

सराव फक्त 'असं झालं तर' प्रकारच्या काळजीसाठी आहे. गृहकर्जाचे तीन हप्ते खरोखर थकले असतील, तर आधी बँकेशी बोला. त्या प्रश्नाला उपाय हवा, सराव नको.

समजा, ठाण्याहून फोर्टला जाणाऱ्या एका अकाउंटंटला रोज वाटते की जीएसटी रिटर्नमध्ये आपली चूक सापडेल. काम नीट आहे, कुणाची तक्रार नाही, तरी तो रात्री उठून फाइल तपासतो. लिहिण्याआधी त्याला विचारायचे, "चूक सापडली, तर त्यात सगळ्यात वाईट काय?" नोकरी जाईल. "गेली तर?" हप्ते थकतील, फ्लॅट विकावा लागेल. "विकला तर?" सासरे, सोसायटीतले लोक, मुलगी, सगळ्यांना कळेल की मी कुचकामी आहे. खरी भीती इथे आहे, रिटर्नमध्ये नाही. लेखन इथपर्यंत पोहोचले नाही तर सराव वरवरचा राहतो.

बरेच जण पहिल्यांदा असे लिहितात: "नोकरी गेली तर फार वाईट होईल, घरचे नाराज होतील, पण बहुधा असं होणार नाही." हे चालत नाही. वर्तमानकाळात, 'मी' म्हणून, डोळ्यांसमोर घडते आहे असे लिहा:

"काचेच्या केबिनमध्ये एसी गार आहे. साहेब रिटर्नचा कागद माझ्याकडे सरकवतात. त्यावर लाल पेनाने गोल आहे. माझी जीभ कोरडी पडली आहे, गळ्यातला आयकार्डाचा पट्टा मी बोटाभोवती गुंडाळतोय. बाहेर सगळे कीबोर्ड एकदम थांबलेत."

पुढे तेवढ्याच तपशिलाने घरी येणे, सासऱ्यांचा फोन, मुलीचा प्रश्न. एक ते दोन पाने पुरतात. मात्र "मग मला दुसरी नोकरी मिळाली" असा दिलासा शेवटी जोडू नका. दिलासा आला की मन चित्रातून सुटते, आणि सुटायची तीच जुनी सवय पक्की होते. प्रसंग न पटण्याइतका ताणूही नका. फ्लॅट विकण्यापासून रस्त्यावर भीक मागण्यापर्यंत गेलात, तर मन ते खरे मानणार नाही.

रोज अर्धा तास ठेवा, आठवड्यातून पाच दिवस. झोपण्याच्या तोंडावर नको. सुरुवातीला, भीती सर्वांत जास्त असताना आणि शेवटी अस्वस्थतेला 0 ते 100 मध्ये आकडा द्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो वर जाणे अपेक्षितच आहे. 80 वर असताना वही मिटली, तर मन एवढेच शिकते की "पळालो म्हणून वाचलो". आकडा उतरू लागेपर्यंत थांबा. अर्ध्या तासात उतरला नाही तर आणखी दहा मिनिटे. तोच प्रसंग एक-दोन आठवडे चालवा. वाचताना कंटाळा येऊ लागला की पुढच्या प्रसंगाकडे वळा.

आकडा पहिल्यापासूनच 20 च्या वर जात नसेल, तर दोन शक्यता आहेत: लिखाण मोघम आहे, किंवा वाचताना मनात जप, "होणार नाही" असा धीर, मोबाइल असे काहीतरी चालू आहे. दर वेळी वाचून झाल्यावर घरच्यांना "असं होणार नाही ना?" विचारणे हाही तसाच दिलासा आहे, घरच्यांना तसे आधीच सांगून ठेवा. याउलट आठवडाभर आकडा तितकाच वर राहिला आणि झोप-जेवण बिघडले, तर सराव थांबवून आम्हाला कळवा.

जीव द्यावासा वाटत असेल, नुकताच घरात मृत्यू झाला असेल, किंवा लिहायचा प्रसंग पूर्वी तुमच्यावर प्रत्यक्ष ओढवलेला असेल, तर हा सराव एकट्याने करू नका. आत्महत्येचे विचार येत असतील तर केंद्र उघडण्याची वाट पाहू नका, टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते.

पुढच्या भेटीला वही आणि आकडे सोबत आणा. वही न दाखवता नुसते आकडे दाखवले तरी चालेल.