टायफॉइडच्या एका छोट्या प्रकरणामागे

टॉमस मानची 'बुडेनब्रोक्स' ही कादंबरी 1901 साली आली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. उत्तर जर्मनीतल्या एका व्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांची ही कथा, आणि उपशीर्षकातच सांगून टाकलंय की हा एका कुटुंबाचा ऱ्हास आहे. शेवटाकडे एक अगदी छोटं प्रकरण येतं. टायफॉइड कसा सुरू होतो, ताप कसा चढत जातो, जीभ कशी दिसते, दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात काय होतं, हे त्यात वैद्यकाच्या पुस्तकासारखं सांगितलंय. त्यात कुणाचंही नाव नाही. तरी ते वाचून होताच आपल्याला कळतं की घराण्याचा शेवटचा मुलगा, कोवळा हानो, गेला.

इतक्या कोरड्या सुरात एका मुलाचं मरण सांगायचं आणि वाचकाच्या मनात त्या घराबद्दल माया उरवायची, हे मानला कसं जमलं? त्यामागे ऐंशीहून जास्त वर्षांची वाटचाल आहे.

सुरुवातीला क्रूरपणा निवेदकाच्याच तोंडी असे. जेन ऑस्टेनच्या 'पर्स्वेजन'मध्ये (1817 च्या अखेरीस प्रसिद्ध) मसग्रोव्ह नावाचं प्रेमळ कुटुंब आहे. त्यांचा एक मुलगा नौदलात असताना वारला. निवेदिका सरळ सांगते की पोरगा त्रासदायक आणि बिनकामाचा होता आणि विशीच्या आत गेला हे आईबापांचं नशीबच म्हणायचं. पुढे आई त्याच्यासाठी उसासे टाकते तेव्हा निवेदिका त्या उसाशांनाही तिच्या लठ्ठपणाशी जोडून हसते. त्याच प्रसंगात कादंबरीचा नायक कॅप्टन वेंटवर्थ याच्या चेहऱ्यावर क्षणभर तुच्छतेची छटा येऊन जाते, पण लगेच तो त्या आईजवळ बसतो आणि तिच्या मुलाबद्दल अत्यंत आस्थेनं बोलतो. म्हणजे दुष्टपणा सांगणारीकडे आणि माया पात्राकडे. वाचक मध्ये अडकतो, कारण आपण एका आईच्या दुःखावर हसलो हे त्याच्या लक्षात येतं. मला आजही तो परिच्छेद खुपतो. तिथे हसण्याला उत्तर द्यायला मजकुरातून कुणी पुढे येत नाही, फक्त कॅप्टनची वागणूक तेवढी शेजारी ठेवलेली आहे.

फ्लोबेरनं पुढचं पाऊल टाकलं. 'मादाम बोव्हारी'त निवेदक कुणावर टिप्पणी करतच नाही. पात्राच्या मनातलं वाक्य आणि निवेदनाचं वाक्य एकमेकांत असं मिसळतं की निवाडा कुणाचा हे ठरवता येत नाही. 1857 साली पॅरिसमध्ये या कादंबरीवर खटला चालला, तेव्हा सरकारी वकिलाच्या तक्रारींपैकी एक हीच होती की पुस्तकात विवाहबाह्य संबंध ठेवणाऱ्या नायिकेला दोष देणारं कुणीच नाही. निकाल फ्लोबेरच्या बाजूनं लागला.

त्या कादंबरीचा शेवट पाहा. नायिकेचा नवरा शार्ल बाकावर बसल्या बसल्या मेला आहे. त्याची लहानगी मुलगी बेर्त त्याला जेवायला बोलवायला येते, बाबा खेळतोय असं तिला वाटतं, ती त्याला हलकेच ढकलते आणि तो जमिनीवर कोसळतो. त्यानंतर ती एका गरीब मावशीकडे जाते आणि ती मावशी तिला सूतगिरणीत कामाला पाठवते. एवढंच, एका दमात. हळहळ व्यक्त करणारा शब्द नाही, म्हणून ती हळहळ वाचकाच्या वाट्याला येते. इथे निवेदकाचा थंडपणा आणि बेर्तचा तो हलका हात एकाच चौकटीत आहेत. तोवर ही दोन टोकं निवेदक आणि पात्रांमध्ये वाटलेली असत.

मानच्या हाती ही रीत आली ती अशी तयार होऊन. त्यानं तिला घराण्याच्या कथेची लांबी दिली. आता सूर एका परिच्छेदात बदलायची गरज उरली नाही. आधी शेकडो पानं हसवून मग ते हसू वाचकाच्याच अंगावर उलटवता येऊ लागलं. धाकटा भाऊ क्रिस्तियान याचं उदाहरण घ्या. आपल्या डाव्या अंगातल्या सगळ्या नसा आखूड आहेत, अशी त्याची सदाची तक्रार. आपण हसतो. मग आई गेल्यानंतरच्या भांडणात थोरला टॉमस त्याला सांगतो की मी जो झालो तो तुझ्यासारखा व्हायचं नव्हतं म्हणून. त्या क्षणी कळतं की ज्या माणसाला आपण विदूषक समजत होतो, त्याच्याच भीतीवर थोरल्याचं सगळं आयुष्य उभं आहे.

हानोच्या बाबतीत तयारी आणखी आधीपासून आहे. लहानपणी तो घराण्याच्या वहीत आपल्या नावाखाली नीट दुहेरी रेघ ओढतो. बाप टॉमस वहीची गुंडाळी करून त्याच्या गालावर हलकेच मारतो आणि हे काय म्हणून विचारतो. आता पुढे काही येणार नाही असं वाटलं, एवढंच पोर अडखळत सांगतं. तो प्रसंग मऊ सुरात सांगितलाय, पण त्यात शिक्षा आधीच होऊन गेली आहे.

मग टायफॉइडच्या आधीचं प्रकरण. ते खूप लांब आहे. आदल्या रात्री ऑपेरा ऐकून आलेला हानो सकाळी सहाच्या गजरानं जागा होतो, आणि आपण त्या पूर्ण दिवसभर त्याच्या अंगात राहतो: अभ्यास न झाल्याची भीती, मास्तरांचे स्वभाव, काई नावाचा एकच मित्र, संध्याकाळी पियानो. इतकं जवळ बसवून झालं की पान उलटतं आणि एकदम ज्ञानकोशाची भाषा सुरू होते. ती माहिती मानने खरंच कोशातून उचलली होती. पुढे 1945 साली तत्त्वज्ञ अडोर्नोला लिहिलेल्या पत्रात त्यानं ते मान्य केलंय. पण प्रकरणाच्या शेवटी तीच वैद्यकीय भाषा नकळत बदलते. तापाच्या खोल वाटेवर रुग्णाला जगण्याची हाक ऐकू येते. तो मागे वळला तर वाचतो, त्या आवाजाचीच धास्ती आणि वीट वाटला तर मरतो. आदल्या प्रकरणात तो दिवस आपण जगलेलो असतो, म्हणून हानो काय करेल हे आपल्याला सांगावं लागत नाही. ते लांब प्रकरण काढून टाका आणि हेच पान लेखकाची ऐट वाटेल. थंड सूर कधी फसला हे ओळखायची माझी खूण तीच आहे: आधी जवळीक दिली होती का?

ही जवळीक मानच्या जन्मगावातल्या, ल्युबेकमधल्या अनेकांना दिसली नाही. त्या गावाला कादंबरीत स्वतःचीच माणसं दिसली, कोण म्हणजे कोण याच्या याद्या हातोहात फिरल्या. मानने 1906 साली एका निबंधात बाजू मांडली की ओळखीच्या माणसाचं बाह्यरूप घेतलं तरी त्यात प्राण लेखकाचाच असतो. क्रिस्तियानमध्ये स्वतःला पाहणाऱ्या मानच्या काकांना हे पटलं नाही. 1913 मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पुतण्याला आपलंच घरटं घाण करणारा पक्षी म्हटलं. मला त्यांचं दुःख समजतं. बाहेरचा वाचक क्रिस्तियानवर हसून मग वरमू शकतो, पण ज्याच्यावर हसलं गेलं त्याला ती दुसरी पायरी मिळत नाही.

शेवटच्या प्रकरणात घरातल्या बायका बसून जुन्या गोष्टी बोलतात, आणि तेव्हाच ओझरतं कळतं की शेवटच्या दिवसांत मित्र काई जवळजवळ जबरदस्तीनं हानोच्या खोलीत शिरला होता. हानो कुणालाही ओळखत नव्हता, पण काईचा आवाज ऐकून हसला, आणि काई त्याच्या दोन्ही हातांचे पुन्हा पुन्हा मुके घेत राहिला.