गाळेभाड्यावरील रिव्हर्स चार्ज

नोंदणी नसलेल्या मालकाकडून दुकान, गाळा, गोदाम किंवा ऑफिस भाड्याने घेतले, तर त्या भाड्यावरचा वस्तू व सेवा कर (जीएसटी) नोंदणीकृत भाडेकरूने स्वतः भरायचा असतो. या पद्धतीला रिव्हर्स चार्ज किंवा बोलीभाषेत आरसीएम म्हणतात. हा नियम 10 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला. केंद्राच्या 13/2017 या दर-अधिसूचनेत 9/2024 क्रमांकाच्या अधिसूचनेने 5AB ही नोंद घातली आणि राज्यांनीही तशाच अधिसूचना काढल्या. त्याआधी अशा भाड्यावर मालकही कर भरत नव्हता आणि भाडेकरूही नाही. राहत्या घराच्या भाड्यासाठी 18 जुलै 2022 पासूनची वेगळी नोंद आहे, तिचा येथे विचार केलेला नाही.

नियम लागू होण्यासाठी जागा राहण्याची नसावी, मालक जीएसटीत नोंदलेला नसावा आणि भाडेकरू नोंदलेला असावा. सर्वांत जास्त चुका मालकाच्या नोंदणीबाबत होतात. भाडेपावतीवर जीएसटी क्रमांक नाही, एवढ्यावरून मालक अनोंदणीकृत ठरत नाही. त्याच माणसाच्या नावे किराणा दुकानाचा जीएसटी क्रमांक असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो नोंदणीकृत व्यक्ती आहे, आणि गाळ्याच्या भाड्यावर कर आकारण्याची जबाबदारी त्याचीच राहते. म्हणून करार करतानाच मालकाचा पॅन पोर्टलवर टाकून शोध घ्यावा आणि त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावा. मालकाने वर्षाच्या मध्ये नोंदणी घेतली, तर त्या दिवसापासून भाडेकरूचा रिव्हर्स चार्ज थांबतो.

कंपोझिशन योजनेतील भाडेकरूंना 16 जानेवारी 2025 पासून यातून वगळले आहे. 10 ऑक्टोबर 2024 ते 15 जानेवारी 2025 हा त्यांचा काळ ‘जसे आहे तसे’ या तत्त्वावर नियमित केला गेला.

कराचा दर 18 टक्के आहे, म्हणजे केंद्राचा 9 आणि राज्याचा 9. ही रक्कम खरेदीवर भरलेल्या कराच्या क्रेडिटमधून वळती करता येत नाही, कॅश लेजरमधून रोखच भरावी लागते. भाडेकरू मालकाच्या वतीने स्वतःच बिल बनवतो. त्याला सेल्फ इनव्हॉइस म्हणतात. 1 नोव्हेंबर 2024 पासून हे बिल सेवा मिळाल्यापासून 30 दिवसांत काढण्याचे बंधन आहे. भाडे देताना पेमेंट व्हाउचरही करायचे असते. कर GSTR-3B या विवरणपत्राच्या 3.1(d) रकान्यात दाखवायचा आणि क्रेडिट 4(A)(3) मध्ये घ्यायचे. जागा करपात्र धंद्यासाठी वापरली जात असेल, तर भरलेल्या कराचे क्रेडिट त्याच महिन्याच्या विवरणपत्रात मिळते. पैसे फिरून परतच येत असल्यामुळे अनेकांचे याकडे दुर्लक्ष होते, आणि नफा-तोटा पत्रकातले भाडे व 3.1(d) मधला शून्य यांच्यातली तफावत अधिकाऱ्याच्या नजरेत येते.

अशी विचारणा सहसा कलम 61 खालील छाननीत ASMT-10 नमुन्याने येते. पोर्टलवरच्या अतिरिक्त नोटिसांच्या भागात ती पडून राहते, म्हणून तो भाग अधूनमधून उघडून पाहावा. उत्तर ASMT-11 मध्ये द्यायचे असते. मुदत नोटिशीत लिहिलेली असते, ती 30 दिवसांपर्यंत असू शकते आणि कारण देऊन वाढवून मागता येते.

एक उदाहरण घेऊ. एका छापखान्याचे गाळेभाडे दरमहा 31,000 रुपये आहे आणि ते महिन्याच्या शेवटच्या दिवशी दिले जाते. 2024-25 च्या हिशेबात भाड्याचा खर्च 3,72,000 रुपये दिसतो. अधिकारी या पूर्ण आकड्यावर 18 टक्के लावून 66,960 रुपये मागतो. ही मागणी तशीच मान्य करू नये आणि सरसकट नाकारूही नये. एप्रिल ते सप्टेंबरचे 1,86,000 रुपये नोंद अस्तित्वात येण्यापूर्वीचे आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या 9 दिवसांचे 9,000 रुपयेही तसेच. म्हणजे 1,95,000 रुपये वगळले जातात आणि करपात्र भाडे उरते 1,77,000. त्यावर कर 31,860 रुपये, म्हणजे केंद्राचे 15,930 आणि राज्याचे 15,930. ऑक्टोबरची ही दिवसांनुसार विभागणी उत्तरात तक्ता करून दाखवावी, केवळ शेवटची बेरीज लिहू नये.

व्याज मात्र टळत नाही. ‘क्रेडिट मिळणारच होते, सरकारचे नुकसान काय झाले’ हा युक्तिवाद जवळपास प्रत्येक उत्तरात दिसतो, पण रिव्हर्स चार्ज रोखीनेच भरायचा असल्यामुळे व्याजाबाबत तो कमजोर पडतो. व्याज वार्षिक 18 टक्के. ऑक्टोबरच्या 22,000 रुपये भाड्यावरचा कर 3,960 रुपये. महाराष्ट्रात त्याची देय तारीख 21 नोव्हेंबर 2024 होती. तो बरोबर वर्षाने, 21 नोव्हेंबर 2025 ला भरला, तर व्याज सुमारे 713 रुपये होते. पुढच्या महिन्यांचे व्याजही ज्याच्या त्याच्या देय तारखेपासून मोजायचे. बिल उशिरा बनवले म्हणून तारीख पुढे सरकत नाही, कारण भाडे दिल्याची तारीख आधीची असते.

क्रेडिटची मुदत ही खरी काळजीची बाब. 26 जून 2024 च्या 211/5/2024 या परिपत्रकानुसार, नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या सेवेबाबत क्रेडिट घेण्याची कलम 16(4) ची मुदत ज्या आर्थिक वर्षात भाडेकरूने सेल्फ इनव्हॉइस काढला, त्या वर्षावरून मोजली जाते. त्यामुळे आता बिल काढून कर व व्याज भरणाऱ्याचे 31,860 रुपयांचे क्रेडिट जात नाही. मात्र उशिराबद्दल दंड लागू शकतो, हे तेच परिपत्रक सांगते. शिवाय ते 30 दिवसांच्या नियमाआधीचे आहे, त्यामुळे अधिकारी त्यावर शंका काढू शकतो.

रक्कम DRC-03 या स्वतःहून कर भरण्याच्या नमुन्याने भरावी की पुढच्या GSTR-3B मध्ये, यावर सल्लागारांत दोन मते आहेत. पोर्टलवर ऑगस्ट 2024 पासून रिव्हर्स चार्जचा कर आणि त्याचे क्रेडिट यांची जुळणी दाखवणारे वेगळे स्टेटमेंट आहे. क्रेडिट 4(A)(3) मध्ये घ्यायचे असेल, तर कर 3.1(d) मध्ये दिसलेला बरा, नाहीतर तिथे तफावत येते. म्हणून GSTR-3B चा मार्ग अधिक सोयीचा. पण तो निवडला तर उत्तरासोबत विवरणपत्राचा एआरएन म्हणजे पोचक्रमांक आणि महिनावार तक्ता जोडावाच, कारण एका महिन्याच्या एकत्र आकड्यातून जुने भाडे ओळखू येत नाही.

ASMT-11 मधील मजकूर साधारण असा असतो:

‘नोटिशीत नमूद 3,72,000 रुपये भाड्यापैकी 1,95,000 रुपये दि. 10.10.2024 पूर्वीच्या काळाचे असून त्यावर रिव्हर्स चार्ज लागू नाही. उर्वरित 1,77,000 रुपयांवरील 31,860 रुपये कर व त्यावरील व्याज भरले आहे. महिनावार तक्ता, भाडेकरार, बँक उतारा, सेल्फ इनव्हॉइस आणि मालकाच्या पॅनवरील शोधाचा निकाल सोबत जोडला आहे.’

जोडपत्रांत करार आणि बँक उतारा सर्वांत उपयोगी पडतात, कारण जागेचे स्वरूप करारातून कळते आणि करदेयतेची तारीख उताऱ्यातून. व्यापारी वापर लिहिलेला नसेल, तर मालमत्ता कराची पावती किंवा दुकाने नोंदणीचा दाखला जोडता येतो.

अधिकाऱ्याचे समाधान झाले, तर तो ASMT-12 देऊन प्रकरण बंद करतो. न झाल्यास 2024-25 आणि पुढील वर्षांसाठी कलम 74A खाली कारणे दाखवा नोटीस येते. फसवणुकीचा आरोप नसेल आणि नोटिशीपासून 60 दिवसांच्या आत कर व व्याज भरले, तर या कलमाखालील दंड लागत नाही.