हाताने काढलेला आलेख तपासताना: शून्यातून जाणाऱ्या रेषेच्या वादाची पार्श्वभूमी

अकरावीच्या सरल लोलकाच्या प्रयोगात लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा आलेख काढतात. सहा बिंदू, एक सरळ रेषा, तिच्या चढावरून g ची किंमत. हाच आलेख दोन परीक्षकांसमोर ठेवला तर अक्ष, एकके आणि बिंदूंच्या गुणांवर त्यांचे सहसा एकमत होते. मतभेद होतो तो रेषेवर. एक जण विचारतो, रेषा शून्यातून का गेली नाही? दुसरा म्हणतो, बिंदू तिकडे नेत नसतील तर ती का जावी? हा वाद गुणदानाच्या पद्धतीत खोलवर रुजलेला आहे आणि तो कुठून आला हे समजल्याशिवाय आजचे गुणतक्ते नीट वाचता येत नाहीत.

जुना इतिहास थोडक्यात असा. चौकटीचा कागद इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी विक्रीला आला, पण पुढची शंभरेक वर्षे तो महागच होता. १८०५ मध्ये फ्रान्समध्ये धूमकेतूंच्या कक्षा ठरवण्यासाठी लघुतम वर्गांची पद्धत छापून आली आणि विखुरलेल्या निरीक्षणांतून एकच रेषा गणिताने काढणे शक्य झाले. तरीही १८३२ मध्ये एका इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने जोडताऱ्यांच्या कक्षांसाठी आकडेमोड बाजूला ठेवून चौकटीचा कागद घेतला. आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर ताऱ्यांच्या स्थितीचा कोन मांडून त्याने बिंदूंच्या मधून नजरेने एक वक्र काढला. त्याचा आग्रह असा, की वक्र प्रत्येक बिंदूला शिवत जाता कामा नये, तो बिंदूंच्या समूहातून वाट काढत गेला पाहिजे. प्रत्येक निरीक्षणात चूक असते आणि सगळी मिळून जे सांगतात ते एकट्या निरीक्षणापेक्षा खरे असते, हा त्यामागचा विचार. आज ‘बिंदू ते बिंदू जोडू नका’ म्हणून जे बजावले जाते त्याचे मूळ इथे आहे.

शाळेत हे शिरले ते विसाव्या शतकाच्या तोंडावर. जपानमध्ये काही वर्षे शिकवून इंग्लंडला परतलेल्या एका अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने १९०१ मध्ये ग्लासगोच्या विज्ञान अधिवेशनात गणिताच्या शिकवणीवर जोरदार टीका केली. मुलांच्या हाती चौकटीचा कागद द्या, ही त्याची जुनी मागणी होती. कागद तोवर स्वस्त झाला होता. पुढच्या काही वर्षांत आलेख अभ्यासक्रमात आले आणि काढायला लावलेल्या गोष्टीला गुण कसे द्यायचे हा प्रश्नही पाठोपाठ आला.

सुरुवातीला हे गुण एकूण छाप पाहून दिले जात. आलेख सुबक असला की गुण जास्त. आजचे तक्ते मात्र मोजपट्टीने तपासता येतील अशा अटी घालतात. इंग्लंडच्या परीक्षा मंडळांचे तक्ते यात सर्वांत काटेकोर आहेत आणि मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळांमधून ते आपल्याकडेही वापरले जातात. प्रत्येक अक्षावर राशीचे नाव आणि एकक हवे. मांडलेल्या बिंदूंनी दोन्ही दिशांनी किमान अर्धा कागद व्यापावा. एका मोठ्या चौकटीला ३ किंवा ७ एकके असले अडनिडे प्रमाण चालत नाही. बिंदू आपल्या जागेपासून अर्ध्या लहान चौकटीपेक्षा जास्त हललेला नसावा आणि रेषा बारीक, एकसंध, बिंदूंचा तोल सांभाळणारी असावी.

अर्ध्या चौकटीच्या अटीबद्दल एक गोष्ट नेहमी निसटते. तिथल्या प्रश्नपत्रिकेतल्या जाळीची लहान चौकट २ मिलीमीटरची असते, म्हणजे सूट १ मिलीमीटरची. आपल्याकडच्या नेहमीच्या आलेख कागदाची चौकट १ मिलीमीटरची. तोच नियम इथे शब्दशः लावला की सूट अर्ध्या मिलीमीटरवर येते आणि बोथट पेन्सिलीची खूणच तेवढी जाड असते. नियम उचलताना ज्या कागदासाठी तो बनला तो कागद मागे राहिला. १ मिलीमीटरच्या कागदावर पूर्ण एका चौकटीची सूट देणे हाच न्याय आहे.

आता मूळ वादाकडे. सरल लोलकाचे सूत्र T² = 4π²L/g. L शून्य तर T² ही शून्य. त्यामुळे रेषा आरंभबिंदूतून जायलाच हवी, असे अनेक वर्षे शिकवले गेले आणि अनेक प्रयोगशाळांत आजही शिकवले जाते. आरंभबिंदू हा ‘फुकटचा सातवा बिंदू’ मानून पट्टीचे एक टोक तिथे ठेवायचे आणि दुसरे टोक बिंदूंच्या बेतात फिरवायचे. तपासणाऱ्यालाही हे सोयीचे, कारण एका नजरेत बरोबर-चूक ठरते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. विद्यार्थ्याने आधारापासून गोळ्याच्या हुकापर्यंत फक्त दोऱ्याची लांबी मोजली. हुक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून २ सेंटिमीटर होतात, ते मिळवायचे राहिले. लांबी ४०, ५०, ६०, ७०, ८० आणि ९० सेंटिमीटर असताना त्याला T² च्या किमती १.७०, २.०८, २.५१, २.९०, २.९८ आणि ३.७० सेकंद वर्ग मिळाल्या. उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला ०.२ सेकंद वर्ग असे प्रमाण घेतले.

८० सेंटिमीटरचा बिंदू बाकीच्यांपासून सुमारे दीड सेंटिमीटर खाली पडतो. तो आधी पाहिला पाहिजे, कारण ‘तीन वर, तीन खाली’ असे मोजत बसणारा विद्यार्थी या एका बिंदूसाठी सगळी रेषा खाली ओढतो. कारण शोधणे अवघड नाही. घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हणायच्या ऐवजी ‘एक’ म्हटले तर वीसपर्यंत मोजूनही दोलने एकोणीसच होतात. ८० सेंटिमीटरच्या दोऱ्याला वीस दोलनांसाठी साधारण ३६.३ सेकंद लागायला हवेत. एकोणीस दोलनांचे ३४.५ सेकंद होतात आणि त्यांना वीसने भागून वर्ग केला की बरोबर २.९८ येतात. असा एखादा बिंदू गोल करून, विसंगत म्हणून दाखवून रेषेच्या हिशोबातून वगळायची मुभा आजचे तक्ते देतात. न दाखवता वगळला तर मात्र रेषेचा गुण जातो.

उरलेल्या पाच बिंदूंमधून रेषा शून्याला बांधून काढली तर तिचा चढ ४.१५ च्या आसपास येतो आणि g निघतो ९.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. हीच रेषा मोकळी काढली तर ती ४५ सेंटिमीटरला १.९० आणि ८५ सेंटिमीटरला ३.५० या ठिकाणांतून जाते. चढ १.६० भागिले ०.४० मीटर म्हणजे ४.००, आणि g ९.८७. मोकळी रेषा उभ्या अक्षाला ०.१० वर छेदते. त्या छेदाला चढाने भागले की ०.०२५ मीटर, म्हणजे अडीच सेंटिमीटर मिळतात. मोजायची राहून गेलेली हुक आणि त्रिज्येची लांबी हीच, अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने. विद्यार्थ्याची चूक त्याच्याच आलेखाने पकडली, आणि चूक असूनही g जवळपास बरोबर आला. रेषा शून्याला बांधली असती तर ही माहिती पुसली गेली असती आणि चूक थेट g मध्ये उतरली असती.

जबरदस्तीने शून्यात नेलेली रेषा ओळखताही येते. वरच्या आकड्यांत ४० चा बिंदू बांधलेल्या रेषेच्या २ मिलीमीटर वर राहतो आणि ९० चा दीड मिलीमीटरहून थोडा जास्त खाली. वर आणि खाली पडणाऱ्या बिंदूंची संख्या जुळली तरी वरचे डावीकडे आणि खालचे उजवीकडे गोळा झालेले असतील, तर रेषा चुकीच्या कोनात आहे. तोल केवळ संख्येचा पाहून भागत नाही. रेषेच्या दोन्ही टोकांना दोन्ही बाजूंचे बिंदू सापडले पाहिजेत. ‘अर्धे वर, अर्धे खाली’ हा सोपा नियम बराच काळ पुरेसा मानला गेला, तो पुरेसा नव्हता.

बांधलेल्या रेषेच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही एक मुद्दा आहे. सिद्धांत पक्का असेल आणि लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत नीट मोजली असेल तर शून्य हा खरोखरच माहीत असलेला बिंदू आहे. बिंदू थोडे आणि विखुरलेले असतील तेव्हा तो धरल्याने चढ स्थिर होतो. पण मोजणी नीट झाली आहे की नाही हे तपासायचा मार्गच मग बंद होतो, आणि शाळेच्या प्रयोगात ती तपासणी शेवटच्या आकड्यापेक्षा मोलाची आहे. या आग्रहाचा आणखी एक वाईट परिणाम जर्नलमध्ये दिसतो: रेषा शून्यातून जावी म्हणून उलट गणित करून लिहिलेली निरीक्षणे. सगळे बिंदू रेषेवर तंतोतंत बसलेला आलेख हाती आला की जाणता परीक्षक आधी निरीक्षणांचा तक्ता उघडतो.

नव्या तक्त्यांनी शून्याची सक्ती काढली तेव्हा एक नवा पेच आला. वरच्या उदाहरणात दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू केले तर T² चे बिंदू उभ्या दिशेने फक्त १० सेंटिमीटर व्यापतात. कागद २५ सेंटिमीटर उंच असेल तर अर्ध्या कागदाची अट मोडते. उभा अक्ष १.६ पासून सुरू करून प्रमाण दुप्पट केले तर बिंदू २० सेंटिमीटर व्यापतात आणि अट पाळली जाते. मात्र आडवा अक्षही ४० पासून सुरू केला की कागदाच्या डाव्या कडेला रेषा जिथे भेटते ती किंमत छेद नसते. तिथे १.७० दिसते आणि बरेच विद्यार्थी तेच छेद म्हणून लिहून टाकतात. खरा छेद ०.१० आहे आणि तो रेषेवरचा एखादा बिंदू व चढ वापरून काढावा लागतो: १.९० वजा ४.०० गुणिले ०.४५. म्हणून अक्ष शून्यापासून सुरू नसेल तर प्रमाणाचे गुण पूर्ण द्यायचे आणि छेद कसा काढला ते वेगळे तपासायचे, ही पद्धत आता रुळली आहे. जुन्या वळणाचे परीक्षक मात्र अक्षाची सुरुवात शून्य नसली की अजूनही प्रमाणाचाच गुण कापतात, आणि ज्या विद्यार्थ्याने कागद जास्त चांगला वापरला त्यालाच त्याचा फटका बसतो.

गेल्या काही वर्षांत स्प्रेडशीटमुळे रेषेचे समीकरण क्षणात मिळू लागले. त्यामुळे काही परीक्षक हाताने काढलेला चढ संगणकाच्या चढाशी ताडून पाहतात. इथेही सांभाळायला हवे. विसंगत बिंदू वगळायला सांगितले नाही तर संगणक तोही धरतो. वरच्या सहाही बिंदूंवर हिशोब केला तर चढ ३.७४ पर्यंत उतरतो आणि g १०.६ च्या घरात जातो. त्या किमतीशी तुलना केली तर बिंदू गोल करून योग्य रेषा काढणारा विद्यार्थी चुकीचा ठरेल. पारदर्शक पट्टी रेषेवर ठेवून दोन्ही टोकांचे बिंदू पाहणे ही जुनी रीत अशा वेळी जास्त भरवशाची ठरते.