गिअरमागचा वर्ग: मोटरला टेबल किती जड लागतं?

इलेक्ट्रिक स्कूटरच्या जाहिरातीत चाकावरचा टॉर्क मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. पुरेसा मोठा गिअर रेशो लावला तर मिक्सरची मोटरही चाकावर तेवढा टॉर्क देईल, पण चाक अगदी हळू फिरेल. मोटर पुरेल की नाही हे ठरवायचं तर भाराकडे मोटरच्या शाफ्टवरून पाहावं लागतं.

एक खरोखरीचं यंत्र घेऊ. कारखान्यातलं इंडेक्सिंग टेबल, म्हणजे दर वेळी ठरावीक कोनात फिरून थांबणारी ६०० मिमी व्यासाची, २० मिमी जाडीची पोलादी तबकडी. वजन सुमारे ४४ किलो. फिरण्याचा वेग बदलायला वस्तू जो विरोध करते, ते तिचं इनर्शिया. तबकडीसाठी ते म्हणजे वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले दोन. ते २ किग्रॅ-मी² येतं, म्हणजेच २०,००० किग्रॅ-सेंमी². हे टेबल अर्ध्या सेकंदात ९० अंश फिरून थांबायला हवं. निम्मा वेळ वेग वाढवायचा आणि निम्मा कमी करायचा, तर मधला सर्वोच्च वेग मिनिटाला ६० फेरे आणि त्वरण सुमारे २५ रेडियन प्रति सेकंद² होतं. त्यासाठी ५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. बेअरिंग आणि सील यांच्या घर्षणाचे ६ मिळवले की टेबलाच्या शाफ्टवर ५६ झाले.

आता मध्ये ४०:१ चा गिअरबॉक्स बसवू. टॉर्क ४० ने भागला जातो, हे सगळ्यांना पटतं. इनर्शियाही ४० नेच भागायचं, असं वाटणं ही इथली नेहमीची चूक. टेबलाला २५ चं त्वरण हवं असेल, तर मोटरला त्याच वेळात ४० पट, म्हणजे १००० चं त्वरण गाठावं लागतं. इनर्शिया म्हणजे टॉर्क भागिले त्वरण. वरचा टॉर्क ४० पट लहान झाला आणि खालचं त्वरण ४० पट मोठं झालं, म्हणून भागाकार १६०० पट लहान झाला. वर्ग येतो तो इथून. २०,००० भागिले १६०० म्हणजे १२.५ किग्रॅ-सेंमी². ४४ किलोची तबकडी मोटरला एवढीशीच लागते.

घर्षण मात्र टॉर्क आहे, त्याला वर्ग लागत नाही. घर्षण धरून एकूण टॉर्क ५६ भागिले ४० म्हणजे १.४ न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर वेग वाढवताना ०.९ ने भागायचं, म्हणजे १.५६. ब्रेक लावताना हीच गळती मदतीला येते, तेव्हा भागायचं नाही, गुणायचं. शिवाय मोटरला स्वतःचा रोटरही फिरवायचा असतो. ७५० वॉटच्या सर्व्हो मोटरचा रोटर १.३ किग्रॅ-सेंमी² धरला आणि गिअरबॉक्सचं इनपुट बाजूचं थोडं इनर्शिया मिळवलं, तर आणखी ०.१५ वाढतात. एकूण सुमारे १.७ न्यूटन-मीटर. अशा मोटरचा रेटेड टॉर्क, म्हणजे सतत देता येणारा टॉर्क, साधारण २.४ असतो.

मग ४०० वॉटची, १.२७ न्यूटन-मीटरची मोटर का नको? क्षणभर ती याच्या दुप्पट-तिप्पट टॉर्क देते, टेबल दर दोन सेकंदांनी फिरत असेल तर सरासरी भारही तिला झेपतो. अडचण टॉर्कची नाहीच. तिचा रोटर ०.४ किग्रॅ-सेंमी² असेल, तर भार रोटरच्या ३१ पट ठरतो. ७५० वॉटच्या मोटरला हेच गुणोत्तर साडेनऊच्या आसपास येतं. चपळ कामाला पाचपर्यंत, एरवी दहापर्यंत असा ढोबळ नियम पाळतात, आणि त्यामागे कारण आहे. गिअरच्या दातांमध्ये किंचित फट असते, तिला बॅकलॅश म्हणतात. दात त्या फटीत असतात तेवढ्या क्षणी मोटर एकटीच फिरते, पण मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचा गेन, म्हणजे जागा चुकली की ती किती जोरानं दुरुस्त करायची ते प्रमाण, रोटर आणि भार दोन्ही मिळून लावलेला असतो. एकट्या रोटरला तो फार जबर पडतो. रोटर फटीच्या या कडेवरून त्या कडेवर आपटत राहतो आणि थांबलेलं टेबल गुणगुणू लागतं. गेन कमी केला की आवाज जातो, पण टेबल जागेवर स्थिरावायला उशीर लागतो.

चाचणी नुसत्या तबकडीवर उरकली, की हा दोष हमखास लपून राहतो. नंतर केंद्रापासून २५ सेंमीवर, काम पकडून ठेवणारी, प्रत्येकी ८ किलोची चार फिक्स्चर बसतात. ३२ किलो म्हणजे तबकडीपेक्षा कमीच वजन, पण ते सगळं कडेला असल्यामुळे त्यांचं इनर्शिया ४ × ८ × ६२५ = २०,०००, म्हणजे तबकडीएवढंच. गुणोत्तर एकदम १९ वर जातं. ड्राइव्ह स्वतःच भार मोजून गेन ठरवते त्या ऑटोट्यूनिंगमध्ये दिसणारा इनर्शियाचा आकडा हिशेबाच्या दुप्पट आला, तर आधी फिक्स्चर मोजलीत का ते पाहावं. तो चौपटीच्या फरकानं चुकला असेल तर कॅटलॉग तपासावा: जुन्या कॅटलॉगांत इनर्शियाऐवजी GD² छापतात, आणि तो आकडा इनर्शियाच्या चौपट असतो.

इथेही वर्ग कामी येतो. रेशो ४० चा ६० केला, तर ४०,००० भागिले ३६०० म्हणजे ११.१ होतात आणि गुणोत्तर साडेआठवर उतरतं. टॉर्क २.२ च्या आसपास राहतो. मोटरचा वेग मात्र मिनिटाला २४०० वरून ३६०० फेऱ्यांवर जातो. मोटरचा कमाल वेग आणि गिअरबॉक्सच्या इनपुटला चालणारा वेग, हे दोन आकडे ऑर्डर देण्याआधी याच्याशी ताडून पाहायचे.